सात चॅनेल काढायचे आठ रुपये

आमच्याकडे केबलचे महिन्याला 350 रुपये जातात. कशाचे, हे विचारायचं नसतं. तरी मी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं: ‘दादा, नमस्कार. खाली बॉक्स नंबर देतोय. सोबतच्या यादीतले चॅनेल पुढच्या महिन्यापासून बंद करा आणि 350चा तपशील द्या. नेटवर्कचे किती, पॅकचे किती, जीएसटी किती, सगळं वेगळं.’

उत्तरादाखल अंगठा आला.

पुन्हा विचारल्यावर वहीच्या पानाचा फोटो आला. पानावर चहाच्या कपाचं गोल वळं, त्याच्या आत हिशेब. नेटवर्कचे 130, मराठी पॅक 49, हिंदी 57, खेळ 35, कार्टून 25. बेरीज 296, त्यावर अठरा टक्के जीएसटी 53.28. एकूण 349.28. उरलेले बहात्तर पैसे बहुधा कागदाचे.

हिशेब चोख होता, हेच मला लागलं. भांडायला काहीतरी सापडेल अशी आशा होती.

मग मी यादीकडे वळलो. पहिलं नाव दिवसभर मिक्सर विकणाऱ्या चॅनेलचं. दादांचा फोन आला. “साहेब, तो फुकट आहे. फुकटचे दोनशेपर्यंत त्या 130मध्येच बसतात. काढला तरी रुपया कमी होत नाही.” बाबा-बुवांचे चॅनेलही त्यातलेच. म्हणजे ज्यांचा मला सर्वांत जास्त राग, त्यांची किंमत शून्य.

“बरं, मराठी पॅकमधले दहापैकी तीनच बघतो. बाकीचे सात काढा.”

“काढतो की. पण पॅक मोडला की तीन सुटे घ्यावे लागतील. एकोणीस-एकोणीसचे आहेत. सत्तावन्न झाले.”

दहा चॅनेल एकोणपन्नास रुपयांत, तीन सत्तावन्न रुपयांत. वर जीएसटी धरून नऊ रुपये चव्वेचाळीस पैसे जास्त. अहो, मंडईत जुडीतून एक काडी मागितली तर भाजीवाली दात काढते, इथे तर नियमाने ठरलंय. 2019पासून प्रत्येक चॅनेल सुटा विकत घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. तो वापरला की महाग पडतो, एवढंच. सात नको असलेले चॅनेल मी मुकाट ठेवून घेतले.

कार्टूनचा पॅक मात्र उडवला. घरात लहान मूल नाही, आणि मोठ्यांसाठी बातम्या आहेत. पंचवीस रुपये आणि त्यावरचा साडेचार रुपये कर वाचला. नवा हिशेब 319.78. दादा म्हणाले, “320 द्या.” बावीस पैशांवर मी वाद घातला नाही. बायकोला मोठ्या रुबाबात सांगितलं, महिन्याला तीस रुपये वाचवले.

पुढच्या महिन्यात दादा पैसे न्यायला आले. “साडेतीनशे.”

“कार्टून काढलंय ना?”

“काढलंय की. पण वरून दर वाढले, साहेब. तपशील पाठवू?”

“नको,” बायको आतून म्हणाली.