लग्नाचे चार लाख: सेव्हिंगला ठेवायचे की लिक्विड फंडात?

काल कट्ट्यावर पक्याच्या बहिणीच्या लग्नाच्या पैशावरून चांगलीच जुंपली. चार लाख जमलेत, हॉल आणि केटररला तीन महिन्यांनी द्यायचेत, आणि तोवर ते सेव्हिंगला पडून, जिथे मोठ्या बँका अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज देतायत. मी म्हटलं लिक्विड फंडात टाक.

मन्या लगेच उसळला, "लग्नाचे पैसे शेअर बाजारात घालतोस काय रे?"

अरे पण लिक्विड फंड म्युच्युअल फंड असला तरी शेअर घेतच नाही! सरकारची ट्रेझरी बिलं, बँकांचे आणि कंपन्यांचे कमी मुदतीचे कर्जाचे कागद, तेही जास्तीत जास्त ९१ दिवसांत पैसे परत येणारे, एवढंच घेतो.

"मग बुडतच नाही म्हण ना."

तसं नाही म्हणणार मी. २०१७ मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीज कंपनीच्या कर्जाच्या कागदाचं रेटिंग, म्हणजे पैसे परत मिळण्याच्या भरवशाची श्रेणी, घसरलं आणि तो कागद धरून बसलेला टॉरसचा लिक्विड फंड एका दिवसात सात टक्क्यांच्या आसपास पडला, म्हणजे चार लाखांवर अठ्ठावीस हजार गेले समज. म्हणूनच म्हणतो, परताव्याचा आकडा बघून फंड निवडू नको, पोर्टफोलिओ, म्हणजे फंडाने घेतलेल्या कागदांची यादी, उघडून बघ, सरकारी कागद आणि ए-वन-प्लस या सगळ्यात वरच्या रेटिंगवालेच असले पाहिजेत, आणि इतरांपेक्षा जास्त देणारा दिसला तर आधी विचार, कुणाला उधार देऊन कमावतोय हा.

मग पक्याने विचारलं, फायदा किती? समजा फंडाने वर्षाला सहा टक्के दिले तर तीन महिन्यांचे साधारण ५,९००, सेव्हिंगचे २,५००. इथे सुजाताने अडवलं, ती सीएकडे कामाला आहे. म्हणाली फंडाच्या नफ्यावर स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो, आणि जुन्या पद्धतीने रिटर्न भरत असशील तर सेव्हिंगचं वर्षाचं दहा हजारांपर्यंतचं व्याज ८०टीटीए कलमाखाली टॅक्समधून सुटतं. तिचं बरोबरच आहे, वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये फरक दोन हजारांच्या थोडा वरच उरतो. मला तरी ते सोडवत नाहीत.

मन्या तरी हटेना, "ऐनवेळी पैसे अडकले तर?"

हा मुद्दा मात्र खरा आहे. कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत रिडीम केलं, म्हणजे फंडातून पैसे काढायला टाकले, तर पैसे पुढच्या कामाच्या दिवशी येतात, पण शुक्रवारी तीननंतर टाकलंस तर ते सोमवारचं धरतात आणि पैसे मंगळवारी, त्यात सोमवारी सुट्टी आली तर अजून एक दिवस. काही फंड लगेचही देतात, पण दिवसाला पन्नास हजार किंवा शिल्लकेच्या नव्वद टक्के, यातलं जे कमी असेल तेवढंच, त्यावर हॉलवाल्याचा चेक काढू नको. सात दिवसांच्या आत काढलं तर एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याचं शुल्क, लागतो, पण तो लाखामागे पाच-सात रुपये, त्याने काही बिघडत नाही.

शेवटी पक्या म्हणाला पन्नास हजार सेव्हिंगलाच राहू दे, साडेतीन लाख टाकतो, आणि हॉलच्या तारखेच्या आठवडाभर आधी काढून घेतो. मन्या म्हणाला मी एफडीच करणार.