प्रतिक्रियेला उत्तर: वास येतो म्हणून साबण वाढवू नका

वाचकाची प्रतिक्रिया: "शिश्नावरच्या कातडीचा आतला भाग नुसत्या पाण्याने धुवा म्हणणं म्हणजे अर्धवट सल्ला आहे. मी वाघोलीत राहतो, टँकरचं जड पाणी, वर एप्रिलचा घाम. दिवसातून दोनदा साबण आणि बादलीत जंतुनाशकाचं झाकणभर औषध वापरतो, तरी पांढरा थर येतो, वास येतो आणि आता आगही होते. पाण्याने काय होणार?"

नमस्कार. आग नंतर सुरू झाली, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. माझा पहिला संशय साबण आणि औषधावरच आहे. कातडीच्या आतला भाग ओठासारखा नाजूक असतो. जड पाण्यात साबणाची चिकट साय बनते, ती शिश्नमुंडाच्या मागच्या खाचेत बसते आणि नीट निघत नाही. त्वचा कोरडी पडते, चुरचुरते, सोलते. सोललेली त्वचा, तेल आणि ओल मिळूनच तर तो पांढरा मळ होतो. म्हणजे घासून घासून तुम्ही तोच वाढवताय.

साबण आणि औषध आजपासून आठवडाभर बंद. रोज एकदा आंघोळीच्या शेवटी कातडी सहज जाईल तेवढीच मागे घ्या. कोमट पाण्याचा एक तांब्या हळूहळू ओतत बोटाच्या पेराने ती खाच पुसा. नखं नाहीत, ब्रश नाही. घट्ट चिकटलेला मळ खरवडू नका, दोन-तीन दिवसांत मऊ होऊन सुटतो. मऊ कापडाने टिपून कोरडं करा. मग कातडी आठवणीने पुढे आणा. मागेच राहिली तर ती आवळते, सूज येते आणि मग पुढे येत नाही. तसं झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, तातडीच्या विभागात जायचं.

आता जंतुसंसर्ग कसा ओळखायचा? मळ पाण्याने निघाला आणि खालची त्वचा नेहमीसारखी दिसली, तर तो फक्त मळ. पण लाल ठिपके, दह्यासारखे पांढरे डाग आणि खाज असेल तर बुरशीची शक्यता जास्त. पिवळा-हिरवा स्राव, कुजकट वास, फोड, जखम किंवा लघवीला जळजळ असेल तर आठवडाभर थांबू नका, लगेच त्वचारोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवा.

कातडीच्या टोकाला बारीक उभ्या चिरा पडत असतील, बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल, तर उपाशीपोटी रक्तशर्करा तपासा. 126 किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाच्या दृष्टीने डॉक्टरांकडून पुढची खात्री करून घ्या. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्यांमुळेही हा त्रास होतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

मेडिकलमधून तीन औषधांची एकत्र ट्यूब आणू नका. त्यातल्या स्टेरॉइडने दोन दिवस बरं वाटतं, पण खाली बुरशी पसरत राहते.

आणि घरात लहान मुलगा असेल, तर त्याची कातडी यातल्या कशासाठीही ओढून मागे घेऊ नका.