सोनं आणि महागाईचा आकडा: एक खुलासा

"महागाईचा आकडा वाढला की सोनं वाढतंच, चवथीआधी घेऊन ठेवा."

म्हापशातल्या आमच्या गटांत फिरणारा हा मेसेज चुकीचा आहे. जून 2022 मध्ये अमेरिकेतली महागाई 9.1 टक्क्यांवर गेली. तरी मार्चमध्ये औंसाला 2,000 डॉलर ओलांडलेलं सोनं सप्टेंबरअखेर 1,650च्या आसपास उतरलं. आकडा पाहून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, व्याजदर भराभर वाढवले, आणि पुढच्या दहा वर्षांच्या महागाईची अपेक्षा उलट घटली. व्याजातून ही अपेक्षा वजा केल्यावर उरणारं खरं व्याज वाढलं, म्हणून व्याज न देणारं सोनं मागे पडलं. अपेक्षा व्याजदरापेक्षा वेगाने वाढते, तेव्हा सोनं सहसा चढतं. (आपल्याकडे रुपया घसरल्याने आणि जुलैत आयातशुल्क वाढल्याने ती घसरण कमी जाणवली.)

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर तिथेच हा खुलासाही टाका.