शून्यं कुठं सांडली?

मी बँकेत काउंटरवर बसतो. त्यामुळे अकरावीतली मुलगी जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन आली आणि "बाबा, हे गणितासारखंच आहे, जरा बघ ना" म्हणाली, तेव्हा मी बाह्या सरसावूनच बसलो.

प्रश्न दिसायला अगदी गरीब होता. लहानाकडून मोठ्याकडे लावा : तांबडी रक्तपेशी 0.007 मिलिमीटर, मायकोप्लाझ्मा 0.3 मायक्रोमीटर, रायबोसोम 25 नॅनोमीटर, विषाणू 100 नॅनोमीटर.

चहा थंड व्हायच्या आत मी उत्तर दिलं. आकडे त्याच क्रमाने तर छापले होते! रक्तपेशी सगळ्यात लहान, विषाणू सगळ्यात मोठा.

"बाबा, मायकोप्लाझ्मा ही अख्खी पेशी आहे. रायबोसोम तिच्या पोटात असतात. तुझ्या हिशेबाने पोटातला ऐवज पेशीच्या ऐंशीपट मोठा झाला."

मग लक्षात आलं, आधी सगळं एकाच एककात आणायला हवं. मिली, मायक्रो, नॅनो. प्रत्येक पायरी हजाराची. नॅनो सगळ्यात छोटा, म्हणजे आकडाही छोटा होणार, असं ठरवून मी 0.007 ला दोनदा हजाराने भागलं. दशांशचिन्हामागे शून्यांची आगगाडी लागली. कन्या म्हणाली, हायड्रोजनचा अणूसुद्धा साधारण 0.1 नॅनोमीटरचा असतो. तुझी रक्तपेशी त्याच्याही कितीतरी खाली गेली.

आता मात्र माझ्यातला कॅशियर खवळला. शंभराची नोट मोडली की नाणी वाढतात, हे मी रोज गिऱ्हाइकांना मोजून देतो आणि इथे नोट मोडून एक पैसा हातात घेत होतो! एकक लहान, तर आकडा मोठा. 0.007 मिलिमीटर म्हणजे 7 मायक्रोमीटर, म्हणजे 7000 नॅनोमीटर. मायकोप्लाझ्मा 300. विषाणू 100, रायबोसोम 25. माझा क्रम जवळजवळ उलटा पडला होता. रक्तपेशीच्या रुंदीत असे सत्तर विषाणू ओळीने बसतात, हेही तेव्हाच कळलं.

पुढचा प्रश्न चित्राचा होता. 5000 पट मोठ्या केलेल्या फोटोत रक्तपेशी 35 मिलिमीटर भरते, तर खरी केवढी? मी 35 ला 5000 ने भागलं, 0.007 आलं आणि ऐटीत लिहिलं, 0.007 मायक्रोमीटर. पट्टीने मोजलं मिलिमीटरमध्ये, तर भागल्यावरही मिलिमीटरच राहणार, हे मात्र विसरलो. म्हणजे पेशी रायबोसोमपेक्षाही बारीक. कन्येने नुसतं पाहिलं. खोडरबर मी स्वतःच उचललं.

एवढं होऊन चाचणीत तिचा अर्धा गुण गेलाच. हिशेब बरोबर होता, पण घाईत काढलेल्या µ ची शेपूट तुटली आणि बाईंनी तो m वाचला. 7 मिलिमीटरची रक्तपेशी म्हणजे वाटाणाच. केशवाहिनीत शिरणार कशी? आता ती µ ला एवढी लांब शेपूट काढते, की ती खालच्या ओळीतल्या उत्तरातून आरपार जाते.