नोकरी करून एलएलबी, हातात तीन आठवडे आणि क्रिमिनल लॉचा पेपर

पार्टटाइम जॉब करून एलएलबी करणाऱ्यांना माझं स्पष्ट मत सांगते, तीन आठवड्यात भारतीय न्याय संहिता पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, विसाव्या कलमाशीच दम लागेल.

पहिला आठवडा जनरल पार्टला द्या. कॉमन इंटेन्शन, वेडसरपणा, नशा, खासगी बचाव, आणि जनरल पार्टमध्ये नसला तरी कॉमन इंटेन्शनच्या जोडीला बेकायदेशीर जमाव, बस. आणि रोज जाता-येता ट्रेनमध्ये जुन्या-नव्या कलमांची जोडी पाठ करायची कारण नोट्स आणि जुने पेपर सगळे आयपीसीचे आहेत आणि घोळ तिथेच होतो. बोटावर ३४ बसलंय ना, ते कॉमन इंटेन्शन आता ३(५) आहे, आणि नवीन ३४ म्हणजे खासगी बचाव! खुनाची शिक्षा १०३ मध्ये. सवयीने ३०२ लिहिलंत तर ते आता धार्मिक भावना दुखावण्याचं कलम आहे, तपासणारे सर हसतील फक्त.

दुसरा आठवडा अख्खा १०० आणि १०१ ला. लोक म्हणतात एवढा वेळ कशाला, पण सदोष मनुष्यवध आणि खून यातला फरक ज्याला लिहिता येतो त्याला बाकीचे शरीराविरुद्धचे गुन्हे सोपे जातात असं माझं ठाम मत. व्याख्या घोकू नका, १८७६ ची गोविंदा केस घ्या, आपल्याच मुंबई हायकोर्टाची. नवऱ्याने बायकोला खाली पाडलं, छातीवर गुडघा ठेवला, तोंडावर दोन-तीन जोरदार बुक्क्या मारल्या, मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. आता उत्तर असं चालवायचं: मारायचा हेतू होता का? हत्यार नाही, तसं दिसत नाही. मग इजा कुठल्या दर्जाची? मृत्यू "संभवतो" एवढीच असेल तर १००, आणि निसर्गक्रमात मृत्यूला "पुरेशी" असेल तर १०१. कोर्ट म्हणालं पुरेशी नव्हती, म्हणून खून नाही, सदोष मनुष्यवध. मग तिथेच डोक्यात फॅक्ट बदलून बघा, बुक्कीऐवजी कोयता आणि वार मानेवर, उत्तर लगेच १०१ कडे सरकतं. त्यानंतरच अपवाद तपासायचे, म्हणजे अचानक चिथावणी, अचानक भांडण वगैरे. बरेच जण थेट चिथावणीवर उडी मारतात आणि नानावटी केस ओततात. अरे, आधी खून सिद्ध तर होऊ दे, मग अपवाद!

कामावरून आल्यावर रात्री दीड तास मिळतो त्यात वाचन नको, असा एकच प्रॉब्लेम पुस्तक बंद करून हाताने लिहा. जिथे पेन अडतं तेवढंच कलम उघडायचं.

तिसऱ्या आठवड्यात मालमत्तेचे गुन्हे, ते भराभर होतात कारण एकच गोष्ट पुढे पुढे वाढत जाते. न विचारता मोबाईल उचलला तर चोरी, नंतर बदनामी करीन म्हणून घाबरवून द्यायला लावला तर खंडणी, तिथल्या तिथे सुरा दाखवून द्यायला लावला तर जबरी चोरी, आणि तेच पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलं की दरोडा, कलम ३१०. हिसकावून पळाला तर नवीन ३०४, आयपीसीत हे वेगळं नव्हतं म्हणून यावर प्रश्न येऊ शकतो. फसवणूक ३१८ मात्र विश्वासघात ३१६ सोबतच करा, वेगवेगळं केलं की पेपरात दोन्ही एकमेकांत मिसळतात.