टेबलांच्या संख्येवर गुण नाहीत

"सर, वाचनालयाच्या डेटाबेस प्रकल्पात दहा टेबलं असली तरच पूर्ण गुण मिळणार म्हणे. खरं का?"

नाही. वीसपैकी आठ गुण रचनेचे, आणि तिथे मी आधी बघणार ते पुस्तक आणि प्रत वेगळी ठेवलीय का. समजा, म्हापशाच्या एका वाचनालयात एकाच कादंबरीच्या तीन प्रती आहेत. तिन्ही ओळींत लेखकाचं नाव लिहिलंत, तर एका ओळीत ते सुधाराल नि उरलेल्या दोन तशाच राहतील. म्हणून नाव, लेखक, प्रकाशक `book` मध्ये एकदाच; दाखल क्रमांक `copy` मध्ये.

देवघेवीत मात्र दरवर्षी बहुतेकांची गाडी अडते. सभासद आणि प्रत मिळून प्रायमरी की केलीत, तर तोच सभासद तीच प्रत गणपतीनंतर पुन्हा न्यायला आला की नोंदच होणार नाही. `loan` ला स्वतंत्र `loan_id` द्या. पुस्तक परत आलेलं नसेल तर `return_date` `NULL` ठेवा, खोटी तारीख घालू नका.

सहा गुण क्वेरींना, सहा तोंडीला. तोंडीत मी बाहेर गेलेली प्रतच दुसऱ्या सभासदाच्या नावावर घालून बघेन. डेटाबेसनेच ती नाकारायला हवी; फॉर्ममधल्या तपासणीवर भागणार नाही.