‘टेस्ट कशाला’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

प्रतिक्रिया: "ताई, मी बावीस वर्षं मेडिकल चालवतोय. बायकांना खाज सुटली, पांढरं जायला लागलं की फ्लुकोनाझोल १५० ची एक गोळी किंवा रात्री एक पेसरी, विषय संपला. परत झालं तर परत एक. टेस्ट कशाला? तुमच्यासारखी माणसं बायकांना घाबरवून लॅबवाल्यांचा धंदा वाढवतात. त्यात पेसरी ५०० ची तीन रात्री लिहिलीय, ती एकच रात्र असते. गरोदर बायकांचं तर नावच नाही."

दादा, सारख्या होणाऱ्या थ्रशवर, म्हणजे योनीतल्या बुरशीच्या संसर्गावर, मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही हे लिहिलंत. आधी तुमचं बरोबर आहे ते सांगते. योनीत ठेवायची ५०० मिलिग्रॅमची क्लोट्रिमाझोल पेसरी एकच रात्र, तीन रात्री २०० ची. माझ्याकडून आकडा चुकला, काल रात्रीच दुरुस्त केला, आभार. गरोदरपणावर वेगळं लिहिणार आहे, तोवर इतकंच की त्या दिवसात तोंडाने फ्लुकोनाझोल घ्यायची नाही, क्लोट्रिमाझोल पेसरी साधारण सात रात्री, तीही डॉक्टरांना दाखवून.

आता धंद्याचं. हे वाक्य मला लागलं आणि ते लपवणार नाही. मी कोल्हापुरात कसबा बावड्यात राहते, शाळेत शिकवते, माझं कुठल्या लॅबशी काही देणंघेणं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, लेख पूर्ण वाचलाय असंही वाटत नाही, कारण पहिल्यांदा थ्रश झाला, लक्षणं ओळखीची आहेत, म्हणजे खाज, दह्यासारखं घट्ट पांढरं, लघवीला जळजळ आणि वास फारसा नाही, तर एक गोळी किंवा एक पेसरी पुरते, तेव्हा टेस्ट लागत नाही हे मी स्वतःच लिहिलंय. मग घाबरवलं कुणी? माझा मुद्दा वर्षात तीन-चारदा होणाऱ्या बायकांचा होता आणि नेमकं त्यांनाच तुम्ही "परत एक" म्हणून पाठवताय.

माझंच सांगते, कारण मी हे पुस्तकातून उचललेलं नाही. दाढ सुजली म्हणून अँटिबायोटिक घेतलं आणि आठवड्याभरात पहिल्यांदा झालं. १५० ची एक गोळी घेतली, तिसऱ्या दिवशी आराम. अँटिबायोटिकने तिथले चांगले जंतू कमी होतात आणि थ्रश करणाऱ्या कॅन्डिडा बुरशीला रान मोकळं मिळतं, इथवर सगळं समजण्यासारखं होतं. तीन महिन्यांनी परत झालं, परत गोळी. तिसऱ्या वेळी मेडिकलमधून मला चार गोळ्यांचं किट दिलं, फ्लुकोनाझोल एक, अझिथ्रोमायसिन एक, सेक्निडाझोल दोन, आणि "एकदाच घ्या, सगळं जातंय" असं सांगितलं. म्हणजे अँटिबायोटिकने सुरू झालेल्या त्रासावर परत अँटिबायोटिक! मला कुणी विचारलं नाही की वास येतो का, पाण्यासारखं जातंय का घट्ट, गेल्या वर्षात कितव्यांदा. ते तुमचं दुकान नव्हतं, तुमच्यावर ढकलत नाहीये, पण तुमचं "परत एक" वाचलं आणि तोच काउंटर डोळ्यासमोर आला.

चौथ्या वेळी अकरावा महिना चालू होता. आधी घरात होती ती गोळी घेतली आणि दोन दिवसांनी बाईंकडे, म्हणजे आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी तपासलं, स्वॅब घेऊन कल्चरला, म्हणजे त्यात कुठला जंतू वाढतो ते बघायला पाठवला आणि रिपोर्टमध्ये काहीच वाढलं नाही. खाज मात्र दहा-बारा दिवसांत परत हजर. बाई म्हणाल्या, गोळी पोटात असताना घेतलेल्या स्वॅबवर माझा भरवसा नाही, आता काही न घेता या. गेले. कागदी पट्टीने योनीचा पीएच बघितला, तो साडेचारच्या आत आला. थ्रशमध्ये असाच येतो, बॅक्टेरियल व्हजायनोसिस या जिवाणूंच्या त्रासात वर जातो आणि माशासारखा वास येतो, त्यावर फ्लुकोनाझोलचा काही उपयोग नाही. कल्चरमध्ये कॅन्डिडा अल्बिकन्स आला, फ्लुकोनाझोल लागू पडणारा. म्हणजे औषध बरोबर होतं दादा, तरी चारदा झालं! ते का, याचं उत्तर दुसऱ्या रिपोर्टात होतं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या रक्तातल्या साखरेचा अंदाज, ७.९. मला डायबेटीस आहे हे मला खाजेमुळे कळलं, वय ४१, घरात कुणाला शुगर नाही म्हणून कधी तपासलीच नव्हती. रक्तात साखर जास्त राहिली की कॅन्डिडाला वाढायला आयतंच मिळतं, त्यात फ्लुकोनाझोल त्याची वाढ रोखते, सगळा मारून टाकतेच असं नाही, मग गोळीचा असर उतरला की उरलेला परत डोकं वर काढतो.

मग उपचार काय झाला तेही सांगते, कारण तो "परत एक" नव्हता. १५० ची गोळी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, आणि त्यानंतर आठवड्यातून एक, सहा महिने. सुरू करताना बाईंनी बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं, कारण रक्त पातळ करायची वॉरफरिन, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या यांच्याशी ही गोळी पटत नाही, आणि त्या काळात दिवस राहू नयेत असंही सांगितलं. सोबत शुगरची औषधं. त्यातही त्यांनी डापाग्लिफ्लोझिन मुद्दाम टाळली, ती साखर लघवीतून बाहेर काढते आणि मग तिथे थ्रश होण्याचं प्रमाण वाढतं. तुमच्या दुकानात ती रोज जात असेल, तेव्हा जी बाई ती घेते आणि दोन महिन्यांनी खाजेची गोळी मागायला येते तिला नुसतं विचारा, शुगरची गोळी कुठली चालू आहे. गोळी बंद करायला तुम्ही सांगू नका, डॉक्टरांकडे पाठवा.

आणि माझ्या शाळेतल्या एका मॅडमचं उलटं निघालं. शुगर नॉर्मल, पण गोळीने कधी आरामच पडत नव्हता. कल्चरला कॅन्डिडा ग्लॅब्राटा आला, त्याच्यावर फ्लुकोनाझोल बऱ्याचदा कमी पडते. त्यांनी तुमच्या हिशोबाने सहा गोळ्या खाल्ल्या होत्या. टेस्ट केली नसती तर सातवी खाल्ली असती. माझा रिपोर्ट आणि त्यांचा रिपोर्ट शेजारी ठेवा, तक्रार सारखीच, कारण वेगळं, औषध वेगळं, आणि हे काउंटरवरून दिसत नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही.

बावीस वर्षांचा अनुभव मी नाकारत नाही, पण तो गोळी देण्याचा आहे. गोळी घेऊन गेलेली बाई बरी झाली की दुसऱ्या दुकानात गेली ते तुम्हाला कसं कळणार? लाज वाटते म्हणून बायका मुद्दाम मेडिकल बदलतात, मी स्वतः राजारामपुरीपर्यंत गेलेय. तुम्हाला वाटतं गिऱ्हाईक परत आलं नाही म्हणजे विषय संपला.

किती वेळा झाल्यावर तपासायचं हे मी ठरवलेलं नाही. ब्रिटनमध्ये वर्षात चार किंवा जास्त धरतात, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ पासून तीन केलंय. माझ्या कल्चरचे साडेसहाशे आणि एचबीएवनसीचे चारशे गेले. तेवढ्यावर कुणाचा धंदा वाढला असेल तर वाढू दे, माझी शुगर सापडली.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, जिला तिसऱ्या-चौथ्यांदा होतंय तिने स्वॅब देण्याआधी गोळी किंवा पेसरी घेऊ नये, लक्षणं चालू असतानाच जावं, आणि आधीच्या वेळच्या तारखा आणि घेतलेलं औषध कागदावर लिहून न्यावं. माझ्याकडे तारखा नव्हत्या, बाईंनी तीनदा विचारल्या.